चौरसाचा चकवा

१० सेंटिमीटर त्रिज्येचा लाकडाचा भरीव चेंडू लेथवर चढवला आहे. त्यातून एक सरळ वृत्तचिती, म्हणजे वर-खाली सपाट असलेला डब्यासारखा गोल ठोकळा, काढायचा आहे आणि लाकूड कमीत कमी वाया घालवायचे आहे. मग उंची किती ठेवावी? उंच ठेवली तर ठोकळा काठीसारखा बारीक होतो, बुटका ठेवला तर चकतीसारखा पातळ. दोन्ही टोकांना हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

पटकन सुचणारे उत्तर असे, की उंची आणि व्यास सारखे ठेवावेत. त्यामागचा तर्क तसा बरा आहे. चेंडू मधोमध उभा कापला तर वर्तुळ दिसते, ठोकळ्याचा आयत दिसतो, आणि वर्तुळात मावणारा सर्वांत मोठा आयत चौरसच असतो. हे शंभर टक्के खरे आहे. फक्त ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे आहे: आयताचे क्षेत्रफळ मोजताना रुंदी एकदाच येते, ठोकळ्याचे घनफळ काढताना मात्र त्रिज्येचा वर्ग येतो.

या प्रश्नात दोन गोष्टी बदलतात, ठोकळ्याची त्रिज्या r आणि उंची. पण त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. चेंडूच्या केंद्रापासून ठोकळ्याच्या वरच्या कडेपर्यंत रेघ ओढली तर ती चेंडूची त्रिज्याच, म्हणजे १०. ठोकळ्याच्या अर्ध्या उंचीला x म्हटले, की पायथागोरस सांगतो:

r² = 100 − x²

घनफळ म्हणजे πr² गुणिले पूर्ण उंची 2x. त्यात r² ची ही किंमत घातली, की r नाहीसा होतो आणि एकच चल उरते:

V = 2π(100x − x³)

इथे r ठेवून x घालवला असता तरी चालले असते, पण मग वर्गमूळ गळ्यात पडते आणि पुढची आकडेमोड नाहक किचकट होते. सूत्रात r वर्गासह येतो, म्हणून त्यालाच निरोप देणे सोयीचे.

आता x वाढवत नेला तर घनफळ चढते आणि मग उतरते. शिखरावर चढही नाही, उतारही नाही, म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य: 100 − 3x² = 0. यातून x सुमारे ५.७७ येतो. समीकरणाला ऋण उत्तरही आहे, पण अर्धी उंची ऋण नसते, म्हणून ते सोडायचे. ठोकळ्याची उंची झाली ११.५५ सेंटिमीटर, त्रिज्या ८.१६ आणि घनफळ सुमारे २४१८ घन सेंटिमीटर. चौरसवाल्या ठोकळ्याचे घनफळ २२२१ भरते, म्हणजे आठ टक्के कमी.

पुष्कळ विद्यार्थी इथेच पेन ठेवतात. पण डेरिव्हेटिव्ह दरीच्या तळाशीही शून्यच असतो, त्यामुळे हे शिखरच आहे हे दाखवावे लागते. दुसरा डेरिव्हेटिव्ह −12πx आहे. X धन असताना तो ऋण, म्हणजे आलेख इथे खाली वळतो. एवढ्याने जवळपासचे शिखर सिद्ध होते. सगळ्यांत उंच शिखर हेच का? x ० किंवा १० असेल तर घनफळ शून्य, आणि मधे डेरिव्हेटिव्ह दुसरीकडे कुठेही शून्य होत नाही. म्हणजे याहून उंच जागा उरतच नाही. हातानेही ताळा करता येतो: x ५ घेतला तर २३५६, ६ घेतला तर २४१३, ७ घेतला तर २२४३.

चेंडू कितीही मोठा असो, व्यास उंचीच्या √2 पट, म्हणजे सुमारे १.४१ पट, येतो आणि ठोकळा चेंडूचा ५७.७ टक्के भाग व्यापतो. उरलेला भुसाच.

हे गुणोत्तर योहानेस केपलरने १६१५ साली लिंझ इथे छापलेल्या दारूच्या पिंपांवरच्या ग्रंथात दाखवले, तेही न्यूटन आणि लायब्निझ जन्मण्याआधी. १६१३ मध्ये लग्नासाठी दारू घेताना त्याने पाहिले, की विक्रेता पिंपाच्या पोटावरच्या भोकातून काठी तिरकी घालतो, ती पलीकडच्या झाकणाच्या कडेला टेकवतो आणि काठीवरच्या खुणेवरून किंमत ठरवतो. पिंपाचा फुगवटा सोडून दिला, तर काठीची ही लांबी म्हणजे अर्धे पिंप ज्या गोलात नेमके बसते त्याचा व्यास. प्रश्न तोच झाला.

काठी तेवढीच भिजली म्हणून दारू तेवढीच, असे नसते. आपल्या चेंडूत x ८ घेतला तर ठोकळा १८१० घन सेंटिमीटरचा, म्हणजे सर्वोत्तमाहून पाव हिश्शाने कमी. तशा लांबट पिंपात गिऱ्हाईक चांगलेच नागवले जाईल. ऑस्ट्रियन पिंपांची ठेवण मात्र √2 च्या जवळपास होती, आणि केपलरच्या ध्यानात आले, की शिखराजवळ माप थोडे चुकले तरी घनफळ फारसे हलत नाही. ५.७७ ऐवजी ६ घेतल्यावर अवघे पाव टक्काही नुकसान होत नाही. पिंप बनवणाऱ्याचा हात थोडा इकडेतिकडे झाला, तरी तिथे काठीचा हिशेब जवळजवळ बरोबरच येई.