टीसीपी थ्री-वे हँडशेक

टीसीपी थ्री-वे हँडशेक (तीन टप्प्यांचे हस्तांदोलन) ही ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल अर्थात टीसीपी या संगणकीय संदेशवहन नियमावलीत दोन संगणकांमधील जोडणी सुरू करण्याची पद्धत आहे. जोडणी मागणाऱ्या संगणकास क्लायंट व ती स्वीकारणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. माहिती पाठवण्यापूर्वी या दोघांमध्ये तीन संदेशांची देवाणघेवाण होते. तीत प्रत्येक बाजू आपला प्रारंभीचा अनुक्रमांक दुसरीस कळवते आणि तो पोहोचल्याची खात्री करून घेते. टीसीपीचे मूळ प्रमाण RFC 793 सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची जागा RFC 9293 ने घेतली.

## अनुक्रमांक आणि पोच

इंटरनेटवर पाठवलेले संदेश वाटेत हरवू शकतात, मागेपुढे पोहोचू शकतात किंवा दोनदाही पोहोचू शकतात. म्हणून टीसीपीमध्ये पाठवलेल्या प्रत्येक बाइटला अनुक्रमांक दिलेला असतो. संदेशाच्या हेडरमधील `seq` हा आकडा त्या संदेशातील पहिल्या बाइटचा अनुक्रमांक असतो. `ack` हा पोच क्रमांक असून तो समोरच्याकडून यानंतर कोणता बाइट अपेक्षित आहे हे सांगतो. उदाहरणार्थ, ११०० पर्यंतचे सर्व बाइट मिळाले असतील तर पोच क्रमांक ११०१ असतो. दोन्ही दिशांच्या अनुक्रमांकांचा एकमेकांशी संबंध नसतो.

संदेशाचा प्रकार हेडरमधील फ्लॅगवरून कळतो. `SYN` जोडणीचा प्रारंभ, `ACK` पोच, `FIN` पाठवण्याचा शेवट आणि `RST` जोडणी तात्काळ रद्द झाल्याचे दर्शवतो. `SYN` आणि `FIN` यांत माहिती नसली तरी प्रत्येकी एक अनुक्रमांक खर्च होतो. त्यामुळे त्यांचीही स्वतंत्र पोच देता येते.

## आकृती

पुढील आकृतीत क्लायंटचा प्रारंभीचा अनुक्रमांक १००० व सर्व्हरचा ५००० धरला आहे. क्लायंट १०० बाइटची मागणी पाठवतो आणि सर्व्हर ३०० बाइटचे उत्तर देतो.

```
     क्लायंट                          सर्व्हर
 1   SYN       seq=1000               -->
 2   <--       SYN,ACK  seq=5000 ack=1001
 3   ACK       seq=1001 ack=5001      -->
     ------------ जोडणी सुरू ------------
 4   100 बाइट   seq=1001 ack=5001      -->
 5   <--       300 बाइट  seq=5001 ack=1101
 6   ACK       seq=1101 ack=5301      -->
     ------------ जोडणी बंद -------------
 7   FIN,ACK   seq=1101 ack=5301      -->
 8   <--       ACK      seq=5301 ack=1102
 9   <--       FIN,ACK  seq=5301 ack=1102
10   ACK       seq=1102 ack=5302      -->
```

पहिल्या संदेशात क्लायंट आपला अनुक्रमांक कळवतो. दुसऱ्या संदेशात सर्व्हर त्याची पोच देतो व त्याच संदेशात स्वतःचा अनुक्रमांकही कळवतो. तिसऱ्या संदेशात क्लायंट सर्व्हरच्या अनुक्रमांकाची पोच देतो. दोन अनुक्रमांक आणि दोन पोच अशी मुळात चार कामे असतात; सर्व्हरची दोन कामे एकाच संदेशात होत असल्याने तीन संदेश पुरतात.

शेवटच्या आकड्यांवरून हिशेब पडताळता येतो. क्लायंटच्या १००० मध्ये `SYN` चा एक, माहितीचे १०० आणि `FIN` चा एक मिळवल्यास ११०२ होतात. सर्व्हरच्या बाजूने ५००० मध्ये एक, ३०० आणि एक मिळवून ५३०२ येतात.

## दोन संदेश अपुरे का पडतात

केवळ पहिल्या दोन संदेशांवर जोडणी सुरू मानली, तर सर्व्हरला आपला अनुक्रमांक क्लायंटपर्यंत पोहोचला की नाही हे कळत नाही. त्याहून मोठी अडचण वाटेत रेंगाळलेल्या जुन्या संदेशांमुळे उद्भवते.

समजा, पूर्वीच्या एका प्रयत्नातील `seq=400` असलेला `SYN` उशिरा सर्व्हरकडे पोहोचला. तो जुना आहे हे ओळखण्याचे साधन सर्व्हरकडे नसते, म्हणून तो `seq=7000 ack=401` असे उत्तर पाठवतो. क्लायंटने मात्र ४०० या अनुक्रमांकाची कोणतीही जोडणी आता मागितलेली नसते. ४०१ हा पोच क्रमांक पाहताच तो `RST` पाठवतो व सर्व्हर अर्धवट जोडणी रद्द करतो. तिसऱ्या टप्प्याची वाट न पाहता सर्व्हरने जोडणी सुरू मानली असती, तर ती कोणीही न मागितलेली जोडणी ठरली असती.

याच कारणासाठी प्रारंभीचा अनुक्रमांक दरवेळी शून्य ठेवत नाहीत. RFC 793 मध्ये तो सुमारे दर ४ मायक्रोसेकंदांनी एकाने वाढणाऱ्या घड्याळावरून घेण्याची योजना होती. परंतु अशा आकड्याचा अंदाज बांधून तिऱ्हाइताला खोटे संदेश घुसवता येतात, हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे आता हा आकडा अंदाज करता येणार नाही अशा रीतीने ठरवला जातो.

## संदेश हरवल्यास

पोच क्रमांक सलग मिळालेल्या बाइटपुरताच पुढे सरकतो. वरील उदाहरणातील ३०० बाइट सर्व्हरने ५००१, ५१०१ आणि ५२०१ पासून सुरू होणाऱ्या तीन संदेशांत पाठवले व मधला हरवला असे मानल्यास, पहिल्या संदेशानंतर क्लायंट `ack=5101` पाठवतो. तिसरा संदेश मिळाल्यावरही तो पुन्हा `ack=5101` असेच कळवतो, कारण मधली पोकळी भरलेली नसते. ठरावीक वेळेत पोच न आल्याने सर्व्हर मधला संदेश पुन्हा पाठवतो. तो मिळाल्यावर पोच क्रमांक एकदम ५३०१ वर जातो, कारण तिसरा संदेश क्लायंटने राखून ठेवलेला असतो.

## जोडणी बंद होणे

जोडणीच्या दोन्ही दिशा स्वतंत्रपणे बंद होतात. `FIN` चा अर्थ 'माझ्याकडून पाठवायचे संपले' एवढाच असतो. तो पाठवणारी बाजू त्यानंतरही समोरची माहिती स्वीकारू शकते. सर्व्हरला आणखी काही पाठवायचे असेल, तर तो आठव्या संदेशात केवळ पोच देतो आणि स्वतःचा `FIN` नंतर पाठवतो. पाठवायचे काहीच उरले नसल्यास आठवा व नववा संदेश एकत्रही येतो. त्यामुळे जोडणी बंद होताना कधी चार, तर कधी तीनच संदेश दिसतात.

दहावा संदेश पाठवल्यावर क्लायंट जोडणीची नोंद लगेच पुसत नाही, तर `TIME_WAIT` या अवस्थेत थांबतो. ही शेवटची पोच हरवल्यास सर्व्हर `FIN` पुन्हा पाठवतो व त्याला उत्तर देण्यासाठी क्लायंटकडे नोंद असणे आवश्यक असते. वाटेत उरलेले जुने संदेश नव्या जोडणीत मिसळू नयेत, हाही या थांबण्याचा हेतू आहे. प्रमाणानुसार हा काळ ४ मिनिटांचा असून लिनक्समध्ये तो ६० सेकंदांचा असतो.

## दोषांचे निदान

लिनक्समध्ये `ss -tan` या आज्ञेने प्रत्येक जोडणीची अवस्था पाहता येते. क्लायंट `SYN-SENT` मध्येच अडकला असेल, तर त्याच्या `SYN` ला उत्तर आलेले नसते. बहुधा फायरवॉलने संदेश गाळलेला असतो किंवा सर्व्हर बंद असतो. सर्व्हर चालू असून त्या पोर्टवर कोणताही प्रोग्राम ऐकत नसेल, तर सामान्यतः लगेच `RST` येतो. सर्व्हरवर `SYN-RECV` अवस्थेतील जोडण्या फार वाढल्यास तिसरा टप्पा पूर्ण न करणारे `SYN` मोठ्या संख्येने येत असल्याची शंका घेतली जाते. या हल्ल्यास सिन फ्लड म्हणतात. `CLOSE-WAIT` मधील जोडण्या साचत गेल्यास दोष सहसा नेटवर्कचा नसतो: समोरच्याचा `FIN` मिळालेला असूनही स्थानिक प्रोग्रामने आपली बाजू बंद केलेली नसते.

`tcpdump` ने संदेश पाहताना `[S]`, `[S.]` आणि `[.]` या खुणा अनुक्रमे हँडशेकचे तीन टप्पे दर्शवतात. वाचन सोपे व्हावे म्हणून ही आज्ञा हँडशेकनंतरचे अनुक्रमांक प्रारंभीच्या आकड्यापासून मोजून दाखवते. प्रत्यक्ष आकडे पाहण्यासाठी `-S` हा पर्याय द्यावा लागतो.