सिममधले पहिले तीन आकडे

मुंबईचा प्रवासी दुबईच्या विमानतळावर उतरतो, फोन चालू करतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर तिथल्या कंपनीचं नाव झळकतं. या ग्राहकाची त्या कंपनीकडे कसलीही नोंद नसते. तरी त्याची चौकशी जगातल्या शेकडो कंपन्यांपैकी नेमकी कुठे करायची, हे तिला लगेच कळतं. ते सांगतो सिममध्ये साठवलेला, सहसा पंधरा आकडी असणारा एक क्रमांक. त्याला आयएमएसआय म्हणतात.

हा म्हणजे आपला मोबाइल नंबर नव्हे. सिमच्या पाठीवर छापलेला, 89 ने सुरू होणारा लांबलचक क्रमांकही नव्हे. तो कार्डाचा अनुक्रमांक. आयएमएसआय कार्डावर छापत नाहीत, तो चिपमधल्या 6F07 नावाच्या फाइलमध्ये असतो. कार्ड-रीडरने ती फाइल उघडली तर असं काही दिसतं (इथला क्रमांक नमुन्यादाखल रचलेला आहे):

```
08 49 40 02 10 32 54 76 98
```

पहिला 08 पुढे किती बाइट आहेत ते सांगतो. त्यानंतरच्या प्रत्येक जोडीतले आकडे उलटे करून वाचायचे. 49 चे होतात 9 आणि 4. यातला 9 ही निव्वळ खूण, ती सोडून द्यायची. 40 चे 0 आणि 4, 02 चे 2 आणि 0. असं करत गेलं की क्रमांक हाती येतो: 404200123456789.

पहिले तीन आकडे देशाचे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या E.212 शिफारशीनुसार त्यांचं वाटप होतं आणि त्यातला पहिला आकडा साधारणपणे भूभाग सांगतो: 2 युरोप, 3 उत्तर अमेरिका व कॅरिबियन, 4 आशिया, 6 आफ्रिका. 404 आणि 405 भारताचे, 424 संयुक्त अरब अमिरातीचा. फोन नंबरच्या आधी लागणाऱ्या देशाच्या कोडपेक्षा ही वाटणी जास्त नेमकी आहे. अमेरिका आणि कॅनडा दोघांचा फोन कोड +1, पण सिममध्ये कॅनडाला 302 आणि अमेरिकेला 310 पासून पुढचे कोड.

देशानंतर येतो कंपनीचा कोड, आणि खरी गुंतागुंत इथे आहे. तो कुठे दोन आकडी असतो, कुठे तीन आकडी. भारतात दोन्ही चालतात. 404 मध्ये 20 म्हणजे व्होडाफोन-आयडियाचं मुंबई सर्कल, 90 म्हणजे एअरटेलचं महाराष्ट्र सर्कल. 405 मध्ये मात्र जिओचे कोड 840 पासून पुढचे, तीन आकडी. नुसत्या आकड्यांवरून कंपनीचा कोड कुठे संपतो ते समजत नाही. म्हणून कार्डात 6FAD ही दुसरी फाइल असते, तिचा चौथा बाइट ही लांबी सांगतो. काही जुन्या कार्डांत तो बाइटच नसतो. अशा वेळी फोनला पदरची यादी वापरावी लागते. अँड्रॉइडच्या सोर्स कोडमध्ये तीन आकडी कोडांची अशी यादी आहे आणि तिच्यात 405 ने सुरू होणारे भारतीय कोड भरपूर आहेत. लांबी चुकली की कंपनीचं नाव चुकीचं दिसतं, किंवा रेंज असूनही इंटरनेट चालत नाही, कारण त्याची सेटिंग्ज याच कोडावरून निवडली जातात. देश मात्र चुकत नाही, त्याची जागा तीन आकड्यांची, ठरलेली.

दुबईत घडतं ते असं. तिथलं नेटवर्क 404 आणि 20 वाचतं आणि 4जी असेल तर त्यावरून पत्ता तयार करतं:

```
epc.mnc020.mcc404.3gppnetwork.org
```

दोन आकडी कोडापुढे शून्य लावलं जातं. या पत्त्याच्या आधारे विचारणा भारतात पोहोचते, घरचं नेटवर्क सिमच्या ओळखपरीक्षेसाठी लागणारी माहिती पाठवतं, मगच फोन जोडला जातो. फोनमध्ये तेव्हा दोन देश नोंदलेले असतात. यूएसबीने जोडलेल्या संगणकावरून ते विचारता येतात:

```
adb shell getprop gsm.sim.operator.numeric
adb shell getprop gsm.operator.numeric
```

पहिल्याचं उत्तर 40420, दुसऱ्याचं 424 ने सुरू होणारं. घरचा देश हवा असताना दुसरंच वाचणं ही यातली नेहमीची चूक. दोन सिमच्या फोनमध्ये उत्तरंही स्वल्पविराम देऊन दोन येतात.

पण घरचा देश म्हणजे ज्या कंपनीच्या कोडावर सिम निघालं तिचा देश, माणसाचा नव्हे. कोसोव्होत हे ठळकपणे दिसलं. 1999 च्या युद्धानंतर तिथल्या वाला कंपनीला स्वतःच्या देशाचा कोड उपलब्ध नव्हता, म्हणून ती मोनॅकोच्या 212-01 वर चालली. प्रिश्टिनातलं सिम कितीही काटेकोरपणे वाचलं तरी उत्तर मोनॅको यायचं. पुढे कोसोव्होला 221 मिळाला. आज प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमचंही तसंच होतं: विक्रेता एका देशातला, कोड दुसऱ्याच देशाचा. 901 ने सुरू होणाऱ्या सिमला तर देशच नसतो. जहाजांवरची आणि विमानांतली नेटवर्कं या कोडाखाली येतात.

5जी मध्ये ग्राहकाचा क्रमांक सांकेतिक करून पाठवण्याची सोय आली, म्हणजे हवेतून तो कुणाला टिपता येऊ नये. ही सोय वापरली तरी झाकला जातो तो फक्त मागचा, व्यक्तीचा भाग. देशाचा आणि कंपनीचा कोड उघडाच राहतो, कारण परक्या नेटवर्कला ती सांकेतिक ओळख कुणाकडे पाठवायची हे त्यावरूनच कळतं.