सात हजार शब्दांचे भाषण, पाच पोस्टचा थ्रेड

29 डिसेंबर 1959 रोजी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीनिमित्त कॅलटेकमध्ये जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर रिचर्ड फाइनमन बोलले. विषय होता अतिसूक्ष्म पातळीवरचे काम. हे भाषण 1960च्या फेब्रुवारीत कॅलटेकच्या मासिकात छापून आले. छापील मजकूर सुमारे सात हजार शब्दांचा आहे आणि तो आजही वाचायला मिळतो. त्याचा पाच पोस्टचा थ्रेड करायचा झाला, तर बहुतेकांच्या हातून पहिली ओळ अशी उतरेल : ‘फाइनमन यांनी 1959 साली नॅनोटेक्नॉलॉजीचा शोध लावला.’

ही ओळ भाषणात नाही. त्या भाषणात नॅनोटेक्नॉलॉजी हे नावही येत नाही. जपानचे नोरिओ तानिगुची यांनी ते 1974 साली वापरले. फाइनमन यांनी कोणताही शोध जाहीर केला नव्हता. त्यांनी हिशेब मांडले, शक्यता सुचवल्या आणि दोन बक्षिसे लावली.

म्हणून थ्रेड लिहिण्याआधी मजकूर एकदा हातात पेन्सिल घेऊन वाचावा आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधानाशेजारी खूण करावी : हे घडलेले आहे, हा हिशेब आहे, ही कल्पना आहे, की हे दुसऱ्याचे म्हणणे आहे? मजकूर आटवताना माहितीपेक्षा लवकर गळून पडतात ती ‘मला दिसते त्यावरून’, ‘जर’, ‘माझा मित्र म्हणतो’ अशी छोटी शब्दयोजना. बोलणाऱ्याची खात्री किती होती, हे नेमके तिच्यातूनच कळते.

भाषणातला सर्वांत चटकदार भाग घ्या. इवलासा यांत्रिक सर्जन गिळायचा, तो रक्तवाहिनीतून हृदयात जाऊन बिघडलेली झडप कापून दुरुस्त करणार! पोस्ट व्हायरल व्हावी असाच हा मजकूर आहे. पण फाइनमन यांनी ही कल्पना आपला मित्र अल्बर्ट हिब्ज याची असल्याचे तिथल्या तिथे सांगितले आणि ती फारच अचाट आहे, असेही म्हटले. ‘फाइनमन यांचे भाकीत’ असे लिहिले, की एका वाक्यात दोन चुका होतात : कल्पना भलत्याच्या नावावर जाते आणि तिचे भाकीत बनते. जागा नसेल तर ही पोस्ट सरळ गाळावी. नाव कापून ती ठेवू नये.

आकड्यांचा सापळा वेगळा. ब्रिटानिका विश्वकोशाचे 24 खंड टाचणीच्या डोक्यावर का लिहू नयेत, हा फाइनमन यांचा प्रश्न. टाचणीचे डोके एका इंचाचा सोळावा भाग धरले आणि 25 हजार पट मोठे केले, तर त्याचा व्यास सुमारे 40 मीटर होतो. एवढ्या वर्तुळात विश्वकोशाची सगळी पाने मावतात. इथे 25 हजार ही पट लांबीची आहे. क्षेत्रफळ 62.5 कोटी पटींनी बदलते. ‘मजकूर 25 हजार पट लहान’ एवढेच लिहिले, तर वाचकाला यातले काय समजावे? पोस्ट अशी करता येईल :

‘विश्वकोशाचे 24 खंड टाचणीच्या डोक्यावर? फाइनमन यांचा हिशेब : पानांची लांबी-रुंदी प्रत्येकी 25 हजारांश केली, तर जागा पुरते. तेव्हा हे कोणी करून दाखवलेले नव्हते.’

शेवटचे वाक्य पुढच्या पोस्टवर ढकलू नये. थ्रेडमधली प्रत्येक पोस्ट सुटी फिरते. लोक दुसरी पुढे पाठवतात, तिसरी बघतही नाहीत. मर्यादा घालणारे वाक्य त्याच पोस्टमध्ये राहिले, तरच ते वाचकापर्यंत पोहोचते. एक्सच्या साध्या खात्यावर पोस्टला 280 अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथे काना, वेलांटी, हलन्तही स्वतंत्र मोजले जातात; ‘विज्ञान’ हा शब्द सात जागा खातो. त्यामुळे मराठीत लिहिताना काटछाट अधिक करावी लागते. ती ‘थक्क करणारे’, ‘क्रांतिकारी’ अशा विशेषणांवर करावी.

बक्षिसांच्या पोस्टमध्ये आणखी एक मोह होतो. हजार डॉलरचे एक बक्षीस इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावणाऱ्या विद्युत मोटरसाठी होते. विल्यम मॅक्लेलन यांनी ते 1960 सालीच जिंकले, तेही नेहमीची हत्यारे वापरून. नव्या तंत्राची फाइनमन यांची अपेक्षा त्यातून पुरी झाली नाही. पान 25 हजारांश करण्याचे दुसरे बक्षीस 1985 साली स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमन यांना मिळाले. हे सारे भाषणानंतरचे. ते द्यायचे तर ‘पुढे काय झाले’ अशा वेगळ्या पोस्टमध्ये द्यावे, नाहीतर 1985 सालचे यश 1959च्या वक्त्याच्या तोंडी जाते.

थ्रेड झाला, की प्रत्येक पोस्टसमोर मूळ मजकुरातल्या परिच्छेदाचा क्रमांक लिहावा. जिच्यासमोर क्रमांक येत नाही, ती पोस्ट आपल्या पदरची असते आणि ती टाकण्याआधीच काढावी.