शांत बसलेल्या मुलाचा श्वास ऐका

दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर थोडी सर्दी असते, अंगात कणकण असते. रात्री एकच्या सुमारास ते दचकून उठतं आणि कुत्रा भुंकल्यासारखं खोकू लागतं. आवाज बसलेला असतो, रडताना श्वास आत घेतला की घशातून कर्कश, ओढल्यासारखा आवाज येतो. हा बहुधा क्रूप. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो.

क्रूप बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो. स्वरयंत्राच्या खालचा श्वासमार्ग आतून सुजतो. तिथे कूर्चेचं बंद कडं असल्यामुळे सूज बाहेर पसरू शकत नाही, वाट आतूनच अरुंद होते. चार मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर वाट पाऊणपट घटते. आत ओढलेली हवा तिथून जाताना जो आवाज होतो, तो स्ट्रायडर.

आधी मुलाला मांडीवर घ्या आणि रडू थांबू द्या. रडताना जोराने श्वास घेतला जातो, त्यामुळे आवाज वाढतो. मूल शांत झालं, की त्याचा श्वास ऐका आणि सदरा वर करून छाती पाहा. आवाज थांबला असेल, मूल पाणी पीत असेल, खेळण्याकडे बघत असेल, तर रात्र घरी काढता येते. थंड हवेत उघड्या खिडकीशी बसवल्याने सौम्य क्रूपमध्ये आराम पडतो. गरम पाण्याची वाफ मात्र देऊ नका. तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि भाजण्याची भीती खरी आहे. धुरीही नको. सकाळी डॉक्टरांना दाखवाच, कारण पुढच्या रात्री त्रास पुन्हा उफाळू शकतो.

शांत असतानाही आवाज येत असेल, गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे डॉक्टर वजनाप्रमाणे डेक्सामेथासोनचा एक डोस देतात. तो सूज उतरवतो, पण त्याला काही तास लागतात. श्वास फार अडला असेल तर नेब्युलायझरने ॲड्रेनलिन देतात. ते अर्ध्या तासात काम करतं, पण असर दोनेक तासांत ओसरतो. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टर काही तास थांबवून घेतात. घाईने घरी निघू नका. अँटिबायोटिकचा विषाणूवर उपयोग नाही.

एक खूण फसवी असते. धापा टाकणारं मूल अचानक गप्प आणि मलूल झालं, आवाजही मंदावला, तर ते थकलं आहे. ओठ निळसर झाले, लाळ गळू लागली, गिळता येईना, किंवा शेंगदाणा खाता-खाता त्रास एकदम सुरू झाला, तर तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो. अशा वेळी घशात बोट घालू नका, जबरीने आडवं करू नका. त्याला हवं तसं बसू द्या आणि लगेच 108 ला फोन करा.