ममम म्हणा, भोपळा व्हा!

सोमवारी सकाळी सात वाजता चिऊचा पोहण्याचा पहिला वर्ग होता. चिऊ म्हणजे माझी भाची, वय वर्षं ६. रविवारी संध्याकाळी नवा पोशाख, रबरी टोपी आणि गॉगल पलंगावर मांडून ती त्यांच्याकडे रागानं बघत बसली होती.

"मावशी, मी नाही जाणार."

"का गं?"

"पाणी नाकात जातं. आणि मी बुडले तर?"

आजी म्हणाली, "अगं, मोठ्यानं म्हण, मी नाही भीत पाण्याला!" चिऊनं म्हणून बघितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पण आजी, मला वाटतेय ना भीती!"

मुलांनो, चिऊचं बरोबर होतं. छाती धडधडत असताना 'मी भीत नाही' म्हटलं, तर आपलं आपल्यालाच ते खरं वाटत नाही. म्हणून चिऊनं आणि मी ठरवलं की हिमतीची वाक्यं खरीच असायला हवीत. जे वाक्य घरातल्या बादलीत खरं ठरेल, तेच उद्या तलावावर न्यायचं. अशी चार वाक्यं सापडली. तुम्हीही ती करून बघा. फक्त पाण्याशी खेळताना घरातलं एक मोठं माणूस शेजारी हवंच.

पहिलं वाक्य: घंटा वाजली, मी ऐकली, आता हळूच फूऽऽ

भीती ही शरीरातली घंटा आहे. ती वाजली की शरीर पळायची तयारी करतं. हृदय जोरजोरात धडधडतं, श्वास छोटा आणि भरभर होतो, तळहात गार पडतात. घंटा वाजणं काही वाईट नाही. खोल पाणी दिसल्यावर ती वाजायलाच हवी. पण ती सारखी वाजत राहिली, तर पोहायला शिकवणारे सर काय सांगताहेत तेही ऐकू येत नाही.

मग ती हळू कशी करायची? आधी एक गंमत करा. श्वास आत घेता घेता स्वतःचं नाव सांगून बघा. जमलं? फार विचित्र आवाज आला ना? आपण बोलतो ते श्वास सोडताना. म्हणजे कुठलंही वाक्य म्हणायचं तर श्वास बाहेर सोडावाच लागतो!

आता छातीवर हात ठेवून शांत बसा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात आणि हळूहळू सोडताना किंचित सावकाश. मेंदूकडून हृदयाकडे 'व्हेगस' नावाचा एक मज्जातंतू जातो. श्वास सोडताना तो हृदयाला म्हणतो, "जरा सावकाश." मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत हा फरक जास्त असतो. म्हणून पहिल्या वाक्याच्या शेवटी लांब 'फूऽऽ' आहे. गरम दुधावर फुंकर घालतो ना, तशी हळू फुंकर. चिऊनं पाच वेळा फुंकर घातली आणि म्हणाली, "घंटा आहे अजून, पण लांब गेली." एवढं पुरे होतं.

दुसरं वाक्य: ओठ बंद, ममम चालू

आता चिऊची खरी तक्रार, ती म्हणजे नाकातलं पाणी. आम्ही बादलीत पाणी घेतलं. स्टीलच्या पेल्यात तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवला, पेला उपडा धरला आणि सरळ पाण्यात दाबला. तसाच सरळ वर काढला. कागद कोरडा! पेल्यात हवा होती आणि हवेनं जागा सोडली नाही, म्हणून पाण्याला वरपर्यंत शिरता आलं नाही. मग पेला तिरका केला. बुडूक बुडूक करत हवा निघून गेली आणि कागद भिजला.

आपलं नाकही या पेल्यासारखंच. त्यातून हवा बाहेर येत असेल, तर पाणी आत येत नाही. पण भ्यालेलं मूल नाकातून हवा सोडायचीच विसरतं. त्याला 'नाकानं श्वास सोड' असं सांगून कळतही नाही. त्यासाठी 'ममम' कामाला येतं. ओठ मिटून 'ममम' म्हणा आणि मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बंद! ओठ मिटलेले असले, की आवाजाबरोबर हवा नाकातूनच बाहेर पडते. तेवढाच रस्ता तिला मोकळा असतो. म्हणजे 'ममम' चालू आहे तोवर नाकातून हवा येते आहे, हे नक्की.

मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन चिऊनं हनुवटी बुडवली, मग ओठ, मग नाक. मममम! नाकाखाली बुडबुडेच बुडबुडे. पहिल्या वेळी मात्र तिला ठसका लागला, कारण तिनं 'ममम' आधी थांबवलं आणि डोकं नंतर उचललं. नियम उलटा आहे: आधी डोकं वर, मग 'ममम' बंद. दुसरी चूक म्हणजे पाण्याखाली आभाळाकडे बघणं. तसं केलं की नाकपुड्या वर होतात, हवा निसटते आणि पाणी आत उतरतं, तिरक्या पेल्यात उतरलं तसंच. म्हणून पाण्यात तोंड घातलं की तळाकडे बघायचं.

आणि समजा, थोडं पाणी गेलंच नाकात, तर काय? झोंबतं. का झोंबतं माहीत आहे? आपल्या शरीरातलं पाणी खारट असतं, एका लिटरमध्ये साधारण ९ ग्रॅम मिठाइतकं. तलावाचं पाणी तेवढं खारट नसतं. नाकातल्या नाजूक त्वचेला हा फरक लगेच जाणवतो. नाक शिंकरलं की थोड्या वेळात ते थांबतं.

तिसरं वाक्य: छातीत हवा, मी भोपळा

पूर्वी गावच्या विहिरीत पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधायचे. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, कुणाला तरी आठवत असेल. सुका भोपळा आतून पोकळ असतो, त्यात हवा असते, म्हणून तो तरंगतो. आता ऐका, तुमच्या छातीतही असे दोन भोपळे आहेत. त्यांना आपण फुप्फुसं म्हणतो.

एक लिटरची रिकामी बाटली झाकण लावून बादलीत दाबून बघा. पाणी तिला किती जोरानं वर ढकलतं! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. बाटली एक लिटर पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला जवळजवळ एक किलोच्या जोरानं वर ढकलतं.

आता चिऊचं गणित. चिऊचं वजन आहे २० किलो. तरंगायचं तर तिच्या शरीराला २० लिटर पाणी बाजूला सारता यायला हवं. श्वास पूर्ण सोडलेली चिऊ २० लिटरपेक्षा थोडी कमी जागा व्यापते, म्हणून हळूहळू खाली जाते. पण सहा वर्षांच्या मुलाच्या छातीत एका मोठ्या श्वासात सुमारे एक लिटर हवा मावते. छाती फुगली की चिऊची जागा २० लिटरपेक्षा थोडी जास्त होते आणि ती तरंगते.

'थोडी जास्त' हे मात्र नीट लक्षात ठेवा. त्यामुळे चिऊचा थोडासाच भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो भाग तोंड आणि नाकाचा असू द्यायचा. घाबरलेलं मूल डोकं आणि हात वर काढतं. वर काढलेल्या भागाला पाणी उचलत नाही. त्याचं सगळं ओझं उरलेल्या शरीरावर पडतं आणि शरीर खाली जातं. म्हणून उताणं झोपायचं, कान पाण्यात बुडवायचे आणि छताकडे बघायचं. कानात पाणी गेलं तरी आत पडदा असतो, ते तिथेच अडतं.

काही सडपातळ मुलांचे पाय तरीही खाली जातात. हवा छातीत असते, पायात नाही. यात त्या मुलांचं काही चुकत नाही. पाय हळूहळू हलवले की ते पुन्हा वर येतात.

चौथं वाक्य: थांबा म्हणेन, काठ धरेन

हे वाक्य सगळ्यांत छोट्या आवाजातही चालतं, पण ते म्हणायचंच. पाण्यात घाबरलेल्या माणसाला पुष्कळदा ओरडताच येत नाही, कारण सगळी धडपड श्वास घेण्यातच संपते. म्हणून बोलता येतंय तोवरच सांगायचं, "सर, थांबा." आणि काठ धरायचा.

आणखी एक. तलावावर मोठी मुलं 'पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास धरतो' अशी शर्यत लावतात. त्या शर्यतीत कधीच उतरायचं नाही. भरभर श्वास घेऊन मग बुडी मारली, तर श्वास संपल्याची घंटाच वाजत नाही आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

सोमवारी चिऊ उथळ बाजूच्या पायरीवर बसली. गार पाणी पोटाला लागताच तिनं 'हाऽ' करून श्वास ओढला. गार पाण्यात सगळ्यांचंच असं होतं आणि थोड्या वेळात ते जातं. तिनं फुंकर घातली. दोनदा 'ममम' केलं. तरंगायची वेळ आली तेव्हा मात्र ती म्हणाली, "सर, थांबा." सर थांबले. त्या दिवशी चिऊ तरंगली नाही. बुधवारी सरांनी मानेखाली हात धरला, चिऊनं छाती फुगवली, कान बुडवले. मग सरांनी हात हळूच काढून घेतला. मी काठावरून मोजलं: एक, दोन, तीन, चार.

तुमचाही पहिला वर्ग जवळ आला असेल, तर आज पातेल्यात 'ममम' करून बघा. आणि तलावावर गेल्या गेल्या तुमच्या सरांना किंवा ताईंना सांगा, "मला पाण्याची भीती वाटते." हेही एक खरं वाक्य आहे. ते ऐकलं, की तुमच्या मानेखाली हात कधी धरायचा आणि कधी काढायचा, हे त्यांना कळेल.