शंभरातले किती रुपये ताटात?

मागच्या आठवड्यात एंगेलचा नियम पाहिला: घराचा एकूण खर्च वाढतो, तसा त्यातला खाण्याचा वाटा घटतो. अर्न्स्ट एंगेलने 1857 मध्ये हे मांडलं. आज तो वाटा किती वेगाने घटतो, ते मोजून पाहू.

2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 3,773 रुपये होता आणि त्यातल्या दर शंभरातले 46.4 रुपये खाण्यावर गेले. शहरात खर्च 6,459 रुपये, खाण्याचे 39.2. म्हणजे खर्च साधारण 1.7 पट झाला आणि शंभरामागे सात रुपये खाण्यातून दुसरीकडे वळले.

यासाठी नेहमीचं सूत्र हे:

w = a + b·ln(x)

w म्हणजे खाण्याचा वाटा, x म्हणजे एकूण खर्च. खर्चाचा लॉगरिदम घ्यायचा, कारण हजार रुपयांची वाढ गरीब घरात खूप काही बदलते, श्रीमंत घरात जवळजवळ काहीच नाही; महत्त्व पटीला असतं. वरच्या दोन बिंदूंतून b सुमारे −0.134 येतो. खर्च दुप्पट झाला की शंभरामागे खाण्याचे नऊ-साडेनऊ रुपये कमी होतात, असा याचा अर्थ.

इथे एक गल्लत फार होते. वाटा घटला म्हणजे लोक कमी खातात, असं नव्हे. आकडे गुणून पाहा: ग्रामीण भागात खाण्यावर 1,750 रुपये, शहरात 2,530. रुपये वाढलेच, फक्त एकूण खर्चाहून कमी वेगाने.

पण ही रेषा खरी मानू नका. दोन सरासऱ्यांमधून कुठलीही रेषा जाते. शहरात भाजी-दुधाचे भाव वेगळे, घरभाड्याचा भार वेगळा. सात रुपयांचा सगळा फरक ऐपतीचा नाही. म्हणून घराघराचे आकडे घेऊन, घरातली माणसं लक्षात धरून, गाव आणि शहर यांच्या रेषा वेगळ्या काढाव्यात. समान खर्चाच्या घरांतही दोन्ही रेषांत अंतर राहिलं, तर ते ऐपतीचं नाही हे ओळखता येतं.

दुसरा सापळा x मध्येच आहे. एखाद्या घराने त्या वर्षी मुलीचं लग्न केलं किंवा फ्रीज घेतला, की एकूण खर्च फुगतो आणि वाटा खाली पडतो. कर्ज काढून लग्न करणारं घर आलेखावर सुखवस्तू दिसतं, आणि अशा घरांमुळे रेषा खरीपेक्षा जास्त उतरती वाटते. उजवीकडे खाली सुटे पडलेले बिंदू दिसले, तर आधी त्या घरांचा मोठा एकवेळचा खर्च तपासावा.

रेषा टोकाला नेऊनही पाहा. आपल्या b ने माणशी महिना सुमारे सव्वा लाखाच्या खर्चाला खाण्याचा वाटा शून्य होतो. इतका खर्च करणारेही जेवतातच, म्हणून पाहणीतली घरं जिथवर आहेत तिथवरच रेषा वाचायची.