वळचणीचं पाणी आढ्याला गेलं, तर रेंडर फसलं!

संगणकाच्या पडद्यावर गवती छपराचं घर पाच मिनिटांत उभं राहतं. पण ते पावसात टिकेल, असं पाहणाऱ्याला वाटायला हवं आणि खरी मेख तिथेच आहे. म्हणून रत्नागिरीजवळचं एक कॉटेज मनात धरू. 8 बाय 5 मीटरचं दुपाखी घर, जांभ्याचं जोतं, बांबूचे वासे, शाकारलेलं छप्पर आणि भिंतीपासून 90 सेंटीमीटर पुढे आलेली वळचण. आता गमती बघा.

काडी नेहमी उताराकडे बघते
गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला वाट दाखवतं. थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर घसरत वळचणीला येतो, आणि चांगल्या शाकारणीत वरचा पातळ थरच काय तो भिजतो. त्यासाठी उतार साधारण 45 अंशांचा लागतो. रेंडरमध्ये गवताचा फोटो पाख्यावर आडवा चिकटवला, की काड्या आढ्याला समांतर झोपतात. असं छप्पर खरोखर बांधलं, तर पहिल्याच सरीला घरात बादल्या मांडाव्या लागतील.

खोल वळचण, कपाळाला टेंगूळ
45 अंशांच्या उतारावर छप्पर जितकं पुढे येतं तितकंच खाली उतरतं. म्हणजे 90 सेंटीमीटर वळचण काढली, तर तिची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा 90 सेंटीमीटर खाली येणार. भिंत 2.7 मीटरची असेल तर कड 1.8 मीटरवर, आणि उंच पाहुण्याचं कपाळ तिच्यावर! आपल्या कॉटेजची भिंत म्हणूनच 3 मीटरची धरू. कड 2.1 मीटरवर येते आणि माणूस ताठ मानेनं आत जातो. रेंडरमध्ये दाराशी एक माणूस उभा करून पाहा, चूक लगेच पकडली जाते.

जूनमध्ये सूर्य उत्तरेला!
रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे जेमतेम 50 अंश वर असतो. तेव्हा दक्षिण भिंतीवर वळचणीची सावली कडेच्या साधारण 1.05 मीटर खालपर्यंत पोचते आणि खालच्या मीटरभर भागावर ऊन पडतं. 21 मार्चच्या दुपारी तीच भिंत पूर्ण सावलीत असते. 21 जूनला तर माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. Blender मधल्या Sun Position मध्ये अक्षांश-रेखांश आणि तारीख भरली, की हे गणित आपोआप होतं. अंदाजानं दिवा टांगला, तर कोकणातल्या घरावर युरोपचं ऊन पडतं.

एका कडेत सत्तर हजार काड्या
छप्पर 20 सेंटीमीटर जाड आणि प्रत्येक काडीला 5 मिलिमीटरची चौकोनी जागा धरली, तर कडेच्या एका मीटरमध्ये 8 हजार टोकं मावतात. छप्पर दोन्ही टोकांना भिंतीपुढे थोडं येतं, म्हणून 9 मीटरच्या कडेला 72 हजार! ती एकेक घडवायची नसतात. पाच-सहा वेगवेगळ्या पेंढ्या करायच्या आणि त्याच फिरवून, वाकवून कडेला नि आढ्याला रचायच्या. पाख्याच्या मधल्या भागाला चांगलं टेक्स्चर पुरतं, कारण छपराची जाडी डोळ्याला दिसते ती कडेलाच. रंगही एकच नको. ताजं गवत सोनेरी असतं, ऊन-पाऊस खाऊन ते राखाडी होतं आणि घरात चूल असेल तर आतली बाजू धुरानं काळवंडते.

बांबूची पेरं मापात नसतात
बांबू हेही गवतच. त्याची पेरं बुडाशी आखूड, मध्ये लांब आणि शेंड्याकडे पुन्हा आखूड असतात, शिवाय काठी वर निमुळती होत जाते. रेंडरमधला बांबू पाइपसारखा एकाच जाडीचा आणि समान अंतरावरच्या गाठींचा असला, की तो प्लॅस्टिकचा वाटतो. सांधाही नीट बघा. मधल्या पोकळ भागात खिळा ठोकला तर बांबू उभा चिरतो, म्हणून बांधणारे गाठीजवळ काथ्यानं आवळतात. सांध्यावर काथ्याचे वेढे दिसले नाहीत, तर वासे हवेत तरंगल्यासारखे वाटतात.

पागोळ्यांची रेघ
गवती छपराला सहसा पन्हळ नसते. पागोळ्या थेट जमिनीवर पडतात आणि कडेच्या बरोबर खाली मातीत एक खळग्यांची ओळ उमटते. भिंतीपासून 90 सेंटीमीटरवर ती ओलसर रेघ आणि जोत्यावर उडालेले थोडे चिखलाचे शिंतोडे दाखवले, की घरानं एक पावसाळा काढल्याची खूण पटते.

तेव्हा पुढचं रेंडर पाठवण्याआधी आढ्यावर मनातल्या मनात तांब्याभर पाणी ओता. ते गवतावरून, वळचणीवरून थेट त्या खळग्यांच्या ओळीत पडलं, तर खुशाल पाठवा. वाटेत कुठे अडलं, तर तिथेच दुरुस्ती करा.